डिझॉल्व्ह काढल्यावर बसणारा झटका नेमका कुठून येतो?

प्रश्न: मी नागपूरच्या इतवारीत राहतो. यंदाच्या मारबतीच्या मिरवणुकीवर आठ मिनिटांची फिल्म केली आहे, थोडी कॅमेऱ्यावर, थोडी मोबाइलवर. दर दोन-तीन शॉटनंतर डिझॉल्व्ह टाकला आहे आणि जागा बदलली की वाइप. मित्र म्हणतो, हे लग्नाच्या जुन्या कॅसेटसारखं दिसतं, साधे कट ठेव. पण डिझॉल्व्ह काढले की झटके बसतात. मग साधा कट कुठे चालतो आणि इफेक्ट कुठे ठेवायचा?

उत्तर:

टाइमलाइनची एक प्रत काढा, त्यातले सगळे ट्रान्झिशन पुसून टाका आणि फिल्म सलग पाहा. जिथे झटका बसेल तिथे न थांबता M दाबून मार्कर लावत जा. झटका बसतो याचा अर्थ त्या दोन शॉटच्या जोडात काहीतरी खोट आहे आणि इतके दिवस डिझॉल्व्ह ती झाकत होता. ती खोट ओळखून दुरुस्त केली की साधा कट आपोआप दिसेनासा होतो. दुरुस्तीनंतरही जिथे एक वेळ संपून दुसरी वेळ सुरू झाल्याचे दाखवायचे असेल, तिथे डिझॉल्व्ह परत येतो. मारबतीसारख्या विषयात अशा जागा तीन-चारच निघतील.

साधा कट मुळात खपतो कसा, हे आधी समजून घेऊ. आपण आजूबाजूला पाहतो तेव्हा नजर सरकत नाही, उड्या मारते, सेकंदाला साधारण तीन वेळा, आणि उडी चालू असताना मेंदू समोरचे दृश्य जवळजवळ बंद ठेवतो. त्यामुळे एका क्षणी हे, दुसऱ्या क्षणी ते, अशी सवय डोळ्यांना जन्मापासून आहे. कट त्याच सवयीवर चालतो. ढोलवाल्याने मान वर करून माडीकडे पाहिले की आपल्यालाही माडीवर काय आहे ते पाहावेसे वाटते, आणि नेमक्या त्या क्षणी माडी दिसली तर कट झाल्याचे कळतही नाही. डिझॉल्व्हची सवय मात्र डोळ्यांना नाही. दोन चित्रे एकमेकांत मिसळलेली प्रत्यक्षात कधी दिसत नाहीत, म्हणून डिझॉल्व्ह आला की प्रेक्षकाला काहीतरी वेगळे सांगितले जात आहे असे वाटते. तो थबकतो. सांगण्यासारखे काही असेल तर थबकणे कामाचे. नसेल तर दर तिसऱ्या शॉटला मिरवणूक थांबल्यासारखी वाटते.

आता तुमच्या फिल्मकडे येऊ. मिरवणुकीच्या फुटेजमध्ये झटक्याचे सगळ्यात मोठे कारण चित्रात नसते, आवाजात असते. हे आधी तपासा, कारण अर्धे काम इथेच संपते.

तुमच्या टाइमलाइनवर बहुधा प्रत्येक शॉट स्वतःचा आवाज घेऊन आला असेल. माडीवरून घेतलेल्या शॉटमध्ये ढोल लांबून ऐकू येतो. त्यानंतरचा मोबाइलचा शॉट ढोलाच्या शेजारून घेतलेला, त्यात आवाज फुटलेला. तिसऱ्यात 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'ची आरोळी अर्ध्यात सुरू होते. कटवर ठेका तुटतो, आवाजाची पातळी उडी मारते आणि दचकतो तो कान. पण आपण पडद्याकडे पाहत असतो म्हणून दोष चित्राला देतो आणि तिथे डिझॉल्व्ह टाकतो. कित्येकदा त्या डिझॉल्व्हसोबत आवाजाचाही क्रॉसफेड पडतो, झटका कमी होतो आणि चित्राच्या डिझॉल्व्हमुळेच काम झाले असा समज होतो.

खात्री करायची असेल तर मार्कर लावलेल्या जागा एकदा आवाज बंद करून पाहा आणि एकदा डोळे मिटून ऐका. आवाज बंद केल्यावर ज्या जोडात काहीच खुपत नाही, तिथे चित्राला हात लावायचा नाही.

उपाय असा. सगळ्या फुटेजमध्ये शोधून दोन-तीन मिनिटांचा एक सलग, न फुटलेला आवाज निवडा, ज्यात ढोलाचा ठेका आणि गर्दी दोन्ही आहेत. चित्र काही का असेना, कॅमेरा जमिनीकडे रोखलेला असला तरी चालेल. तो आवाज पूर्ण प्रसंगाखाली एकसंध अंथरा. बाकी शॉटचे स्वतःचे आवाज बंद करा. एखादी आरोळी किंवा एखादे वाक्य हवे असेल तेवढेच वर ठेवा आणि त्याच्या दोन्ही टोकांना तीन-चार फ्रेमचा आवाजाचा क्रॉसफेड द्या, म्हणजे टक् असा खटका येणार नाही. प्रीमियरमध्ये त्यासाठी Ctrl+Shift+D आहे आणि तो फक्त आवाजाला लागतो. आता वर चित्रे कितीही वेळा कापली तरी प्रेक्षक त्याच गल्लीत उभा राहतो, कारण त्याच्या कानात गल्ली तुटलेली नाही.

यात एक अडचण येते. ज्या शॉटमध्ये काठी ढोलावर पडताना दिसते, तिथे खालचा आवाज जुळला पाहिजे. स्लिप टूल घेऊन, म्हणजे Y दाबून, शॉट टाइमलाइनवर आहे तिथेच ठेवून आतले चित्र पुढेमागे सरकवा, काठीचा आघात आणि ठोक्याचा आवाज एका फ्रेमवर येईपर्यंत. ढोलाचा ठेका पुन्हापुन्हा तोच येतो, त्यामुळे पाच मिनिटांनंतर घेतलेला शॉटसुद्धा बसतो. लय वेगळी असल्याने दोन ठोक्यांनंतर तो सुटत असेल, तर शॉट दोन ठोक्यांइतकाच ठेवा. लांबून घेतलेल्या शॉटचा स्वतःचा आवाज वापरायचा झाला तर एवढे लक्षात असू द्या: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ढोल ३४ मीटर लांब असेल तर आवाज सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोहोचतो, आणि २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ती अडीच फ्रेमची चूक होते. तो आवाज दोन-तीन फ्रेम अलीकडे ओढला की ठोका जागेवर येतो.

आवाज सलग केल्यावर जे मार्कर उरतील ते खरोखर चित्राचे. त्यात पहिली खोट म्हणजे फार सारखे दोन शॉट शेजारी असणे. तुम्ही एका जागी उभे राहून मारबतीचा मिड शॉट घेतला, कॅमेरा थोडा डावीकडे सरकवून पुन्हा मिड शॉट घेतला आणि दोन्ही लागोपाठ लावले. तसे केले की पुतळा जागेवरच उडी मारतो. जुना ठोकताळा असा की दोन शॉटमध्ये कॅमेऱ्याचा कोन किमान ३० अंशांनी बदलावा किंवा शॉटचा आकार ठळक बदलावा, म्हणजे मिडवरून क्लोज नाहीतर वाइड. इथे डिझॉल्व्ह टाकला तर आणखी वाईट होते. मधल्या काही फ्रेममध्ये मारबतीला दोन नाके, चार डोळे दिसतात आणि ते थेट चेहऱ्यावर, जिथे प्रेक्षकाची नजर आहे तिथेच. उपाय साधा आहे: दोनपैकी एक शॉट काढून टाका, किंवा मध्ये दीड-दोन सेकंद दुसरे काही दाखवा, माडीवरून वाकून पाहणारी माणसे, तारांमधून वाट काढण्यासाठी बांबूने वर ढकललेली केबल, पुतळा ओढणाऱ्यांचे हात. फुटेज ४केमध्ये असून टाइमलाइन एचडी असेल तर दुसरा शॉट १६०-१७० टक्क्यांपर्यंत मोठा करून त्याचा क्लोज करता येतो, चित्र फाटत नाही. ११० टक्के करून मात्र काही साधत नाही, तो आकार बदललेला वाटत नाही, कॅमेऱ्याला धक्का लागल्यासारखा वाटतो.

दुसरी खोट दिशेची, आणि मारबतीच्या फिल्ममध्ये ती सगळ्यात महत्त्वाची. गल्लीच्या एका बाजूच्या माडीवरून मिरवणूक डावीकडून उजवीकडे जाताना दिसते, समोरच्या माडीवरून तीच मिरवणूक उजवीकडून डावीकडे. दोन्ही शॉट लागोपाठ आले की लोक माघारी फिरल्यासारखे वाटतात. एरवी ही नुसती गैरसोय असती. पण आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन मारबती निघतात, जागनाथ बुधवारीतून पिवळी आणि नेहरू पुतळ्याकडून काळी, आणि सगळे शहर त्यांच्या भेटीची वाट पाहत असते. मग दिशेचा उपयोगच करून घ्या. पिवळीचे फक्त डावीकडून उजवीकडे जाणारे शॉट ठेवा आणि काळीचे फक्त उजवीकडून डावीकडे. असे ठरवले की कुठल्याही वाइपशिवाय, कुठल्याही पाटीशिवाय प्रेक्षकाला कळते की दोघी एकमेकींकडे निघाल्या आहेत. नागपूर कधी न पाहिलेल्या माणसालाही कळते.

उलट्या दिशेचे पण फेकवत नाहीत असे शॉट असतील तर? ते आडवे उलटवण्याचा मोह होईल. प्रीमियरमध्ये Horizontal Flip टाकला की दिशा बदलते हे खरे. पण आपल्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टीका-टोमण्यांचे पुतळे, असतात आणि बडग्यांच्या गळ्यात पाट्या असतात. दुकानांच्या पाट्या आहेत, बॅनर आहेत. अक्षरे उलटी झाली की कुणाच्याही लक्षात येते, आणि मोटारसायकलचे नंबर तर सगळ्यात आधी. त्यापेक्षा मध्ये एक समोरून घेतलेला शॉट टाका, ज्यात मिरवणूक सरळ कॅमेऱ्याच्या अंगावर येते. या शॉटला डावी-उजवी दिशाच नसते, त्यामुळे त्याच्यानंतर दिशा बदलली तरी खुपत नाही. किंवा ज्या शॉटमध्ये तुम्ही स्वतः चालत रस्ता ओलांडला आहे तो वापरा, दिशा बदलताना प्रेक्षकाला दिसली की तो ती स्वीकारतो.

तिसरी खोट हालचालीच्या मधोमध चुकीच्या जागी कापण्याची. ढोलवाल्याचा वाइड आणि त्याच्या हाताचा क्लोज जोडायचा आहे असे समजा. बहुतेक जण काठी आपटून झाल्यावर, हात स्थिर असताना कापतात. तिथे पडद्यावर काहीच हलत नसते, म्हणून कट उघडा पडतो. त्याऐवजी वाइडमध्ये काठी वर जाऊ द्या, खाली येऊ लागली की दोन-तीन फ्रेममध्ये कापा आणि उरलेला आघात क्लोजमध्ये घडू द्या. नजर काठीच्या मागे निघालेली असते, ती कटवरून पलीकडे जाते. पहिल्या प्रयत्नात जमणार नाही. रोलिंग एडिटचे टूल, म्हणजे N, घेऊन कट एकेक फ्रेम पुढेमागे करून पाहा आणि प्रत्येक वेळी तीन सेकंद आधीपासून चालवून बघा. थांबलेल्या फ्रेमवर कट कधीच तपासू नका, थांबलेल्या फ्रेमवर प्रत्येक कट चुकीचाच दिसतो. एका विशिष्ट फ्रेमवर तो गडप होतो आणि दोन फ्रेम इकडेतिकडे झाले की पुन्हा दिसू लागतो. याच कारणाने गतीच्या प्रसंगात डिझॉल्व्ह घातक ठरतो. कट एका फ्रेमवर पडतो, म्हणून तो ठोक्यावर बसवता येतो. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह पंचवीस फ्रेमवर पसरतो, त्याला ठोका सापडतच नाही.

उजेडाचाही झटका असतो. बुधवारीच्या अरुंद गल्लीतून मिरवणूक उघड्या रस्त्यावर आली की सावलीतून उन्हात उडी बसते, आणि मोबाइल आपणहून उजेड कमीजास्त करत असल्याने शॉट सुरू होऊन अर्धा सेकंद झाला की चित्र पुन्हा बदलते. शॉटचा तेवढा भाग कापून टाका आणि दोन्ही शॉटचे मिडटोन जवळ आणा. तेवढे पुरते.

आता वाइप. तुम्ही जागा बदलली की वाइप टाकला आहे, म्हणजे बुधवारीतून नेहरू पुतळा. दिशांचा नियम पाळल्यावर यातले बरेचसे वाइप निरर्थक होतील. उरलेल्या जागी आवाज आधी आणा. पिवळीचा शेवटचा शॉट चालू असतानाच काळीकडच्या बँडचा आवाज सेकंदभर आधी सुरू करा आणि मग चित्र कापा. एडिटिंगवाले याला जे-कट म्हणतात. प्रेक्षकाच्या कानाला नवी जागा आधी कळते, तो तिकडे पाहायला तयार होतो आणि चित्र त्याच्या मनासारखे येते. दुसरे म्हणजे फुटेजमध्येच असलेले वाइप शोधा. गर्दीत शूटिंग करताना कुणाची पाठ, एखादा झेंडा, ढोलाची कडा लेन्ससमोरून जातेच. ज्या फ्रेमला लेन्स पूर्ण झाकली गेली त्या फ्रेमला कापा आणि पुढचा शॉट लावा. पुढच्या शॉटची सुरुवातही अशाच झाकलेल्या फ्रेमने होत असेल तर फारच छान. ते वाइपचे काम करते आणि तुमच्या मिरवणुकीतलेच असते, कुठल्याही पॅकमधून आणलेले नसते.

मग वाइप कुठेच नको का? तसे नाही. जामठ्याच्या स्टेडियममधल्या सामन्याचे प्रक्षेपण पाहा. रिप्ले सुरू होताना बोधचिन्ह पडद्यावरून झरकन जाते आणि रिप्ले संपताना पुन्हा जाते. ते काढले तर तोच चेंडू पुन्हा टाकला की काय, असा गोंधळ होईल. तिथे वाइप प्रेक्षकाला एक माहिती देतो जी दुसऱ्या मार्गाने देता येत नाही: आत्ता जे दिसते आहे ते थेट नाही. असेच काम एखाद्या जागेचे जुने आणि आजचे रूप शेजारी दाखवताना सरकती रेघ करते, कारण तुलना त्या रेघेवरच घडते. तुमच्या फिल्ममध्ये गेल्या वर्षीचा आणि यंदाचा मारबतीचा चेहरा एकाच कोनातून घेतलेला असेल तर एक वाइप जरूर ठेवा.

डिझॉल्व्हला फिल्मच्या काळात खर्च होता. लॅबमध्ये ऑप्टिकल प्रिंटरवर तो वेगळा करून घ्यावा लागे, पुढे टेपवर एडिटिंग करताना दोन प्लेअर आणि एक मिक्सर लागत असे. म्हणून तो जपून वापरला जाई, मुख्यतः काळ गेला हे सांगायला, आणि प्रेक्षकांच्या मनात त्याचा तोच अर्थ बसला. आज तो Ctrl+D वर आहे, पण अर्थ जुनाच आहे. चालू मिरवणुकीत दर दहा सेकंदांनी डिझॉल्व्ह आला की प्रेक्षकाला दर वेळी वाटते, थोडा वेळ गेला. मिरवणूक सलग पुढे येते आहे हा भाव त्यामुळे मरतो.

तुमच्या फिल्ममध्ये तो खरा शोभेल तो पुतळा तयार होण्याच्या भागात. बांबूचा सांगाडा, मग कागद चढवलेला, मग रंगवलेला चेहरा, असे शॉट तुमच्याकडे असतील, आणि नशिबाने कॅमेरा जवळजवळ एकाच जागी असेल, तर तिथे प्रत्येकी दोन सेकंदांचे, म्हणजे ५० फ्रेमचे डिझॉल्व्ह द्या. चौकट तीच असल्याने सांगाड्यातूनच चेहरा उगवताना दिसतो आणि कित्येक दिवसांचे काम दहा-बारा सेकंदांत मावते. इथे साधा कट ठेवलात तर तो खटकणार नाही, पण हे उगवणे दिसणार नाही. दुसरी जागा म्हणजे तयारी संपून मिरवणुकीचा दिवस उजाडतो तो क्षण: तिथे एक सेकंदाचा. तिसरी शेवटची, दहनाच्या ज्वाळांवरून शांत झालेल्या रस्त्यावर जाताना: तिथे लांब, तीन सेकंदांपर्यंत.

लांबीबद्दल माझे मत ठाम आहे. चार-सहा फ्रेमचा डिझॉल्व्ह टाकू नका. कट मऊ व्हावा म्हणून बरेच जण तो टाकतात, पण तो कटही वाटत नाही आणि डिझॉल्व्हही वाटत नाही, प्रेक्षकाला फक्त चित्र पुसट झाल्यासारखे दिसते. टाकायचा तर निदान पाऊण सेकंदाचा टाका, दिसेल असा. दिसू नये असे वाटत असेल तर तिथे कटच हवा आहे.

डिझॉल्व्ह टाकण्याआधी शॉटची दोन्ही टोके उघडून पाहा. कटच्या मधोमध एक सेकंदाचा डिझॉल्व्ह ठेवला की पहिल्या शॉटच्या शेवटानंतरच्या बारा-तेरा फ्रेम आणि दुसऱ्याच्या सुरुवातीआधीच्या तेवढ्याच फ्रेम परत वापरल्या जातात. या फ्रेम तुम्ही कशासाठी कापल्या होत्या? कॅमेरा खाली गेला होता, कुणी कोपर मारले होते, कुणी लेन्सकडे पाहून हात हलवला होता. तेच सगळे अर्धवट पारदर्शक होऊन फिल्ममध्ये परत येते. डिझॉल्व्हच्या मध्यात जमीन झुकल्यासारखी वाटत असेल तर कारण हे. आणि टोकाला फुटेजच शिल्लक नसेल तर प्रीमियर सांगतो:

```
Insufficient media. This transition will contain repeated frames.
```

ही सूचना ओके करून पुढे जाऊ नका. फ्रेम गोठते, गर्दी अर्धा सेकंद पुतळ्यासारखी उभी राहते आणि वर दुसरे चित्र चढते. शॉट आतून थोडा कापून जागा करा, नाहीतर कट ठेवा.

गर्दीच्या चित्रात डिझॉल्व्हचा आणखी एक तोटा आहे, तो तुमच्या स्क्रीनवर दिसणार नाही, व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर दिसेल. व्हिडिओचा आकार लहान करताना कोडेक मागच्या फ्रेममधले तुकडे पुढे कुठे सरकले ते शोधतो आणि फक्त फरक साठवतो. साध्या कटवर एक फ्रेम नवी साठवली की पुढे सगळे सुरळीत. डिझॉल्व्हमध्ये मात्र प्रत्येक फ्रेम दोन चित्रांचे वेगळे मिश्रण असते, तुकडा कुठेच जसाच्या तसा सापडत नाही, आणि शेकडो डोकी, उडणारा गुलाल असेल तर दिलेला बिटरेट पुरत नाही. चित्र चौकोन चौकोन होऊन फुटते. शिवाय मध्यावर दोन्ही चित्रांचा कॉन्ट्रास्ट निम्मा होतो, गर्दीवर गर्दी मिसळली की राखाडी चिखल दिसतो. डिझॉल्व्ह टाकायचाच असेल तर निदान एका बाजूचे चित्र साधे असू द्या: आकाश, भिंत, एकच मोठा चेहरा.

दोघींच्या भेटीचा प्रसंग पूर्ण कटवर ठेवा, तिथे एकही इफेक्ट नको. पिवळी चार सेकंद, काळी चार सेकंद, मग तीन-तीन, मग दोन-दोन, शॉटचा आकारही दर वेळी थोडा मोठा होत जाऊ द्या. खाली आवाज सलगच. दोघी समोरासमोर आल्या की उंचावरचा वाइड लावा आणि त्याला आठ-दहा सेकंद हात लावू नका. आधीच्या कटांची गती वाढत गेल्यामुळेच हे थांबणे जाणवते. अशा वेळी वाइडवर झूम, फ्लॅश, शेक टाकावेसे वाटते, कारण एडिटिंग टेबलवर आपण तो शॉट शंभरदा पाहिलेला असतो आणि तो आपल्याला रिकामा वाटू लागतो. प्रेक्षक तो पहिल्यांदा पाहतो, त्याला त्या चौकटीत पाहायला भरपूर असते.

कुणासाठी पैसे घेऊन काम करत असाल तर एक वेळ अशी येईल की समोरचा विचारेल, "काऊन भाऊ, मिक्सिंग नाही केलं का?" वाद घालू नका. त्याच्याच फुटेजमधला अर्ध्या मिनिटाचा एक तुकडा दोन प्रकारे करून, एक डिझॉल्व्हचा आणि एक सलग आवाजावरच्या साध्या कटांचा, त्याच्याच टीव्हीवर लागोपाठ दाखवा आणि कुठला कोणता ते सांगू नका. बहुतेक लोक दुसरा निवडतात. लग्नातल्या फोटोंच्या भागाला आणि संथ गाण्याला डिझॉल्व्ह शोभतो, तिथे द्या की. स्थिर फोटोंमध्ये हालचालच नसते, त्यामुळे कटला धरायला काही मिळत नाही.

पुढच्या वर्षी शूटिंगला जाल तेव्हा यातले बरेच काम जागेवरच होईल. मिरवणूक निघताना एकदा आणि चौकात एकदा, पाच मिनिटे न थांबता आवाज रेकॉर्ड करा, मोबाइल वरच्या खिशात ठेवून केला तरी चालेल. प्रत्येक शॉट दहा सेकंद तरी धरून ठेवा, म्हणजे दोन्ही टोकांना फ्रेम उरतील. प्रत्येक वळणावर समोरून येणाऱ्या मिरवणुकीचा एक शॉट घ्या. कुठल्या बाजूच्या माडीवर चढायचे ते पिवळीसाठी आणि काळीसाठी आदल्या दिवशीच ठरवून, घरमालकांना विचारून ठेवा.